चोवीस एकरांची वाटणी



सांगलीच्या दिवाणी न्यायालयात १९६२ साली एका विधवेने आपला हिस्सा मागण्यासाठी दावा लावला. तिचा नवरा १९६० साली मृत्युपत्र न करता वारला होता. मागे ती स्वतः, दोन मुलगे आणि तीन मुली. मिळकत एकत्र कुटुंबाची. हा तंटा अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७८ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी त्याचा निकाल दिला. वकिलांच्या जगात हा निकाल विधवेच्या बाजूचा म्हणून नावाजला गेला आणि ते खरेही आहे. परंतु त्याच निकालातले अपूर्णांक मुलींच्या बाजूने वाचले तर निराळेच चित्र दिसते. ते नीट दिसावे म्हणून ही मिळकत चोवीस एकर जमिनीची होती असे धरून चालू.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा तेव्हा लागू होता. त्या कायद्याने मुलीला वारस केले, ही मोठी गोष्ट होती. याच सुधारणांच्या मूळ विधेयकाची सरकारने आबाळ केली म्हणून १९५१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले होते, हे येथे सांगण्याची गरज नसावी. पण मुलगी वारस झाली ती बापाच्या हिश्शाची. कुटुंबाच्या मिळकतीची नव्हे. कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतःच भागीदार असत ते फक्त पुरुष, म्हणजे कायद्याच्या भाषेतले सहदायाद. म्हणून बाप वारला की आधी एक कल्पित वाटणी करायची: मरणाच्या क्षणापूर्वी त्याने वाटणी मागितली असती तर त्याच्या पदरात काय पडले असते? अशा वाटणीत बाप, दोन मुलगे आणि बायको यांना प्रत्येकी एक चतुर्थांश, म्हणजे सहा सहा एकर. मुली या पंक्तीला बसतच नाहीत. मग बापाचे जे सहा एकर, तेवढाच त्याचा वारसा. आणि त्यात सहा वारस समान, प्रत्येकी एक एकर. हिशेब पुरा केला तर विधवेला सात एकर, प्रत्येक मुलाला सात एकर आणि प्रत्येक मुलीला एक एकर. समान वाटा म्हणजे काय, हे या सात आणि एकातून समजते. कायद्याच्या कलमात 'समान' हा शब्द होता आणि तो खोटाही नव्हता. केवळ तो लागू व्हायचा कशाला, हे आधीच ठरून गेलेले होते.

आता हेच कुटुंब ख्रिस्ती आहे असे समजा. अहमदनगरकडचे किंवा वसईचे म्हणा. त्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. या कायद्याला एकत्र कुटुंब ठाऊक नाही. जन्मतः कोणीच कोणाचा भागीदार नाही. सारे चोवीस एकर बापाचे आणि मुले असतील तर विधवेचा ठराव एक तृतीयांशाचा. म्हणजे तिला आठ एकर. उरलेले सोळा एकर पाच मुलांत समान, मुलगा आणि मुलगी असा भेद न करता. प्रत्येकाला तीन एकर आणि वर आठ गुंठे. ब्रिटिश अमदानीत इंग्रजी कायद्याच्या वळणावर बेतलेला हा कायदा १९२५ पासून मुलीला मुलाच्या बरोबरीने बसवत आला आहे.

अर्थात जेथे तो लागू होता तेथे. त्रावणकोर संस्थानाने १९१६ साली आपल्या ख्रिस्ती प्रजेसाठी निराळा कायदा केला होता: मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. कोट्टायमच्या मेरी रॉय यांनी या कायद्याला आव्हान दिले आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९५१ पासूनच तेथे भारतीय वारसा कायदा लागू झालेला आहे. पस्तीस वर्षे तेथील मुलींना जे नाकारले गेले, ते कायद्यात होते. कोणी त्यांना ते सांगितले नव्हते इतकेच!

पारशी समाजाची कथा आणखी बोधप्रद आहे, कारण त्या समाजाने आपला वारसा कायदा जवळजवळ मागून घेतला. मुंबईत इंग्रजी कायद्यानुसार सगळी स्थावर मिळकत थोरल्या मुलाकडे जाऊ लागेल अशी धास्ती निर्माण झाली, तेव्हा १८३७ साली ती टाळणारा कायदा झाला. आणि १८६५ साली पारशांचा स्वतंत्र वारसा कायदा आला. त्यातले प्रमाण असे होते: मुलाला विधवेच्या दुप्पट आणि विधवेला मुलीच्या दुप्पट. मुलीचा एक तर मुलाचे चार. १९३९ साली दुरुस्ती होऊन विधवा मुलाच्या बरोबरीला आली आणि मुलगी निम्म्यावर. पुढे १९९१ साली ही निम्मेपणाची अटही गेली. आज पारशी पुरुष वा स्त्री, कोणीही मृत्युपत्राविना वारले तर जोडीदार आणि प्रत्येक मूल यांना सारखा हिस्सा. आपले चोवीस एकर सहा जणांत प्रत्येकी चार. चारास एक हे प्रमाण एकास एक व्हायला सव्वाशे वर्षे लागली.

हिंदू कायद्याला तेच अंतर कापायला १९५६ पासून एकोणपन्नास वर्षे लागली. महाराष्ट्राने १९९४ साली आपल्यापुरती दुरुस्ती करून मुलीला सहदायाद केले, पण तोपर्यंत लग्न झालेल्या मुली वगळल्या; जणू मंगळसूत्राबरोबर बापाचे नातेही बदलते. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद गेला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्या दिवशी बाप हयात असण्याचीही गरज नाही. मुलीचा हक्क जन्माचा आहे. आज तशाच कुटुंबाची कल्पित वाटणी केली तर बाप, आई, दोन मुलगे, तीन मुली असे सात भाग पडतात. बापाचा सातवा भाग पुन्हा सहा जणांत. प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर चार एकर. सांगलीच्या निकालात ज्यांना एक मिळाला त्यांना आज चार मिळतील.

येथे थांबले तर हिंदू आणि पारशी कायदे एकाच मुक्कामाला आले आणि ख्रिस्ती कायदा विधवेला थोडा अधिक उदार, असे म्हणून मोकळे होता येईल. पण घरात मृताची म्हातारी आई असेल तर? हिंदू कायद्यात ती पहिल्या वर्गाची वारस आहे. बापाच्या हिश्शात नातवंडांच्या बरोबरीने तिचा भाग. पारशी कायद्यात आई किंवा वडील, जे हयात असतील त्यांना प्रत्येकी मुलाच्या निम्मा. ख्रिस्ती कायद्यात मुलाला अपत्य असेल तर आईला काहीच नाही. अपत्य नसेल तर निम्मे विधवेचे आणि निम्मे वडिलांचे. वडील जिवंत असेतो आई पुन्हा रिकामीच. तिचा क्रम वडिलांच्या मृत्यूनंतर लागतो, तोही मृताच्या भावाबहिणींच्या सोबत. बापाच्या आधी वारलेल्या मुलाच्या बायकोचे, म्हणजे विधवा सुनेचेही तसेच: हिंदू आणि पारशी कायदे तिला सासऱ्याच्या मिळकतीत जागा देतात, ख्रिस्ती कायदा देत नाही. मुलीला आरंभापासून न्याय देणारा कायदा सासू आणि सून या दोघींना ओळखत नाही.

आणि आता उलट बाजू. बाई वारली तर काय होते?

पारशी आणि ख्रिस्ती कायद्यांत पुरुषासाठी एक नियम आणि स्त्रीसाठी दुसरा, असे आज उरलेले नाही. हिंदू कायद्यात मात्र ते उरले आहे, आणि तेही २००५ च्या दुरुस्तीने हात न लावलेल्या पंधराव्या कलमात. हिंदू स्त्रीचे पहिले वारस तिची मुले आणि नवरा. ते नसतील तर? दुसरा क्रम नवऱ्याच्या वारसांचा. तिचे स्वतःचे आईबाप तिसऱ्या क्रमाला. माहेराहून वारशाने आलेली मिळकत मुले नसल्यास बापाच्या वारसांकडे परत जाते, एवढा अपवाद आहे. पण तिने स्वतः कमावलेल्या पैशाला तो लागू नाही.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले प्रकरण या कलमाचा पुरेपूर अर्थ सांगते. एक मुलगी लग्नानंतर तीनच महिन्यांत विधवा झाली. नवऱ्याला साप चावला होता. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. ती माहेरी आली, शिकली, नोकरीला लागली आणि चाळीस वर्षांनंतर १९९६ साली वारली. मागे बँकेतल्या ठेवी आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम. तिच्या आईने वारसाहक्क मागितला. नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही मागितला. न्यायालयाने सहानुभूती बोलून दाखवली, परंतु कायदा सहानुभूतीने चालत नाही म्हणून सारी रक्कम नणंदेच्या मुलांना दिली. ज्यांनी तिला उंबऱ्याबाहेर लोटले, त्यांच्याच गोतात तिची पुंजी गेली.

तीच बाई पारशी असती तर आई एकटी सर्व रकमेची धनी झाली असती. ख्रिस्ती असती तर वडील नसल्याने आई आणि बाईची भावंडे यांत ती रक्कम सारखी वाटली गेली असती. विधी आयोगाने २००८ साली आपल्या २०७ व्या अहवालात या कलमात बदल सुचवला. स्वकष्टार्जित मिळकत माहेर आणि सासर दोन्हीकडे जावी, असा. कायदा बदललेला नाही. आज नोकरी करणाऱ्या, अपत्यहीन हिंदू विधवेला आपल्या आईसाठी काही ठेवायचे असेल, तर मृत्युपत्र करणे हाच मार्ग आहे.

गोव्यातल्या मंडळींना हा सारा प्रपंच चमत्कारिक वाटेल. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून हिंदू आणि ख्रिस्ती यांचा वारसा मुख्यतः एकाच वळणाचा आहे आणि २०१२ च्या राज्य कायद्याने तो नव्याने मांडला. सर्वसाधारण लग्नात नवराबायकोची मिळकत सामाईक. म्हणून नवरा वारला की चोवीसांतले बारा एकर विधवेचे असतातच, वारशाने मिळत नाहीत. उरलेले बारा पाच मुलांत सारखे. शिवाय आपल्या भागाच्या निम्म्याहून अधिक मृत्युपत्राने उडवता येत नाही. इतरत्र मुलीला वगळण्याचा सर्वांत सोपा रस्ता जो मृत्युपत्राचा, तो तेथे अर्धा बंद आहे.

महाराष्ट्रात मात्र मृत्युपत्राचीही गरज पडत नाही. बाप गेल्यावर दिवसकार्य आटोपते, बहिणी अजून माहेरीच असतात, आणि भाऊ कागद पुढे करतो: वारसनोंदीसाठी सही लागते. कित्येकदा तो कागद वारसनोंदीचा नसून हक्कसोडपत्राचा असतो. कार्यकर्त्यांनी दोहोंतला फरक लक्षात ठेवावा. वारसनोंदीच्या अर्जात सर्व वारसांची नावे हवीत, बहिणींचीही; आणि सातबाऱ्यावर नाव चढले वा गाळले म्हणून मालकी मिळत वा जात नाही, कारण फेरफार हा महसुलाचा दाखला आहे. उलट स्थावराचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. बहिणीला त्या कचेरीत नेऊन अंगठा किंवा सही घेतली जात असेल, तर काय सोडले जात आहे ते तिला आधी वाचून दाखवावे. दुसरी ठरलेली सबब म्हणजे 'वाटणी पूर्वीच तोंडी झाली होती.' २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटणी मुलीच्या हक्काआड येते हे खरे, पण ती नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेली असावी लागते. तोंडी वाटणीची सबब २०२० च्या निकालाने जवळजवळ निकालात काढली आहे. सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच तिचा विचार होतो. बहिणीने अशा वेळी एवढेच विचारावे: तो दस्त कुठे आहे?