‘येणार का?’ एवढंच विचारा



श्रोतेहो, मला दिलेला विषय ‘तरुणांमधला संवाद’ असा ऐसपैस आहे. पण मुलुंडला माझ्याकडे बोलायला येणारी मुलंमुली शेवटी एकाच खुंटीपाशी येऊन थांबतात. “काकू, तिच्या मनात आहे की नाही, कळतच नाही.” किंवा, “काकू, तो मध्येच इतका जवळचा वाटतो आणि मध्येच ओळखही दाखवत नाही.” मग मी विचारते, “तू विचारलंस का?” यावर जी शांतता पसरते, तिच्याबद्दलच मी आज बोलणार आहे. बाकीचा संवाद पुढच्या वेळी.

अंधेरी स्टेशनबाहेर तुम्ही रिक्षा कशी पकडता? रिक्षा हळू होते, चालक तुमच्याकडे बघतो, म्हणजे तो येणारच असं काही नसतं. त्याला कदाचित चहा प्यायचा असेल, कदाचित गाडी बदलीवर द्यायची असेल. तुम्ही काय त्याच्या नजरेचा अभ्यास करत बसता? वाकून एकच शब्द म्हणता, “मरोळ?” तो मीटर टाकतो नाहीतर मान हलवतो. मान हलवली की तुम्ही पुढच्या रिक्षाकडे वळता. त्याचा तुमच्यावर राग नसतो, तुम्हीही घरी जाऊन रडत नाही. मग जिच्याशी किंवा ज्याच्याशी रोज बोलता, त्या माणसाला मात्र सहा-सहा महिने नुसतं न्याहाळत का बसायचं?

यामागचं एक कारण संशोधकांनी दाखवून दिलंय. व्होरॉअर आणि रॅटनर यांचा 1996 सालचा अभ्यास आहे. आपण पुढाकार घेत नाही, तेव्हा त्याचं कारण आपल्याला ठाऊक असतं: नकाराची भीती. पण समोरचा पुढाकार घेत नाही, तेव्हा आपण धरून चालतो की त्याला रसच नाही. दोघंही घाबरलेली, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा थंड आहे. 1976 च्या ‘छोटीसी बात’मधला अमोल पालेकरांचा अरुण आठवा. बसस्टॉपपासून आवडत्या मुलीच्या मागे मागे चालायचं, पण तोंड उघडायचं नाही. शेवटी खंडाळ्याला जाऊन एका कर्नलकडून शिकवणी घ्यायची! पडद्यावर ते गोड दिसतं. रोजच्या आयुष्यात मागे मागे चालणं गोड नसतं, त्यावर मी येतेच.

आता एक खरी हकीकत, नावं सोडून. मुलगा घाटकोपरचा, मुलगी बोरिवलीची, दोघं एकांकिकेच्या एकाच ग्रुपमध्ये. ती रात्री बारापर्यंत याला मीम पाठवायची, तालमीत डबा उघडला की याच्यासाठी भाजी बाजूला काढायची. पण यानं चहाला बोलावलं, तर दोन मैत्रिणी घेऊन यायची. यानं एकदा गमतीत म्हटलं, “तुझ्याशी लग्न करणाऱ्याचं काही खरं नाही बुवा!” ती खळखळून हसली. ते हसू यानं महिनाभर जपून ठेवलं. अरे बाबा, वाक्य हसण्यासारखं होतं म्हणून ती हसली! तू विचारलंस कुठे?

माझा मुद्दा इथेच आहे, तो निसटू देऊ नका. विनोद दोन कामं करू शकतो. एक म्हणजे विचारणाऱ्याला पळवाट देणं: अंगाशी आलं की “अगं, गंमत केली.” दुसरं म्हणजे उत्तर देणाऱ्याला मोकळीक देणं. पहिला विनोद भित्रा असतो आणि त्यानं संभ्रम आणखी वाढतो. आपल्याला हवाय तो दुसरा. प्रश्न सरळ ठेवायचा आणि नकार हलका करायचा. पुन्हा सांगते, गंमत प्रश्नात नको, नकाराच्या वाटेवर हवी.

त्या मुलानं आधी तीन स्क्रीन भरतील एवढं पत्र लिहिलं होतं, ते मी बाजूला ठेवायला लावलं. शेवटी गेला तो मेसेज साधारण असा: “एक सरळ प्रश्न. शनिवारी पार्ल्याला दीनानाथला नाटक आहे. मला ते तुझ्याबरोबर बघायचंय, फक्त तुझ्याबरोबर, कारण तू मला आवडतेस. नको असेल तर नुसतं ‘पडदा’ लिही. कारण देऊ नकोस. सोमवारी मी तालमीला येईन आणि निर्लज्जपणे तुझी भाजीही खाईन.”

बघा यात काय काय आहे. फक्त तुझ्याबरोबर, म्हणजे मैत्रिणी आणायचा घोळ मिटला. आवडतेस, म्हणजे अर्थ लावायला काही उरलं नाही. शनिवार, म्हणजे ‘बघू कधीतरी’ला जागा नाही. आणि नकार एका शब्दात, तोही नाटकवाल्यांच्या भाषेतला. सोमवारचं वाक्य सगळ्यात मोलाचं. नकार देणाऱ्याला किती अवघडतं, याचा विचारणाऱ्याला नीट अंदाजच नसतो. व्हेनेसा बोन्स यांच्या संशोधनात हेच दिसलंय. “नाही म्हटलं तर ग्रुप तुटेल का, हा तोंड पाडून बसेल का,” ही तिची भीती त्या एका ओळीनं कमी केली.

उत्तर आलं, “पडदा. पण सोमवारी भेंडी आहे.” तो सोमवारी गेला, भेंडी खाल्ली. भाजी ती सगळ्यांसाठीच काढायची, हे त्याला त्या दिवशी दिसलं.

काही जण म्हणतील, “मग काय उपयोग झाला?” अहो, सहा महिन्यांचा गुंता एका रात्रीत सुटला, हा उपयोग नाही?

उत्तर वाचायचं कसं, तेही सांगते. “शनिवारी नाही जमत, रविवारी चालेल?” यात होकार आहे. “नाही जमणार, बघू नंतर,” आणि दुसरा दिवस सुचवलेला नाही, तर तो नकार समजा. नुसती हसण्याची इमोजी आली, तर एकदाच विचारा, “हसलीस, पण येणार का?” त्यावरही उत्तर नाही, तर तोही नकारच.

आणि इथे माझी रिक्षा थांबते. रिक्षावाल्याला भाडं नाकारायला नियमानं मनाई आहे, त्याची तक्रार करता येते. माणसाला नकार द्यायचा पूर्ण हक्क आहे, त्याची तक्रार कुठेच नाही. उलट, स्त्रीनं स्पष्टपणे रस नसल्याचं दाखवल्यावरही पुरुषानं पुन्हा पुन्हा संपर्क साधणं किंवा पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑफिसात तुमच्या हाताखाली काम करणाऱ्या व्यक्तीला तर विचारूच नका. तिच्या पगारवाढीवर तुमची सही असेल, तर कितीही विनोद केला तरी तिचा नकार हलका होत नाही.

मुलींनो, हे सगळं तुम्हालाही लागू आहे. विचारण्याचा मक्ता मुलांनी घेतलेला नाही. परवाच एक मुलगी म्हणाली, “काकू, मी विचारलं तर तो मला...” पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय, तिची गोष्ट राहिली. घरच्यांना केव्हा सांगायचं, तेही राहिलं.

जाता जाता पुन्हा तेच. प्रश्न सरळ, दिवस ठरलेला, नकार स्वस्त. एकदा विचारा, आणि ‘नाही’ आलं तर दुसऱ्यांदा विचारू नका.