पैठणी रसमड्यात विणली तर?

परीक्षेत विचारतात तसा एक प्रश्न घेऊ. येवल्याचा विणकर इथे रसमड्यात माग लावतो. हात तोच, रेशीम तेच, जर तीच. साडी ‘पैठणी’ म्हणून विकता येईल का?

नाही. १९९९ च्या कायद्याने भौगोलिक मानांकन पैठण-येवला परिसराला बांधलेलं आहे, हाताला नाही. विणकर गाव सोडतो, नाव तिथेच राहतं. ते विकत घेता किंवा देता येत नाही. कलम २४ पाहा.

आता दुसरा भाग. त्याने पदरासाठी अगदी नवी नक्षी काढली, दुर्गच्या बाजारात दहा साड्या विकल्या आणि मग डिझाइनच्या नोंदणीचा अर्ज केला. व्यापाऱ्याने ती नक्षी यंत्रमागावर उतरवली. बहुतेक विद्यार्थी इथे लगेच ‘चोरी’ लिहितात. आधी विक्रीच्या बिलाची तारीख पाहा! अर्जाआधी नक्षी लोकांसमोर आली, म्हणजे २००० च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे नवेपणा गेला. नोंदणी मिळाली तरी कलम १९ खाली रद्द होऊ शकते.

अर्ज आधी असता, तर १० वर्षं हक्क मिळाला असता, अर्ज करून आणखी ५. पारंपरिक बांगडी-मोराला मात्र तोही नाही. तो कुणा एकाचा नवा नाहीच.