दुसऱ्या सिझरच्या वेळीच ऑपरेशन उरकायचं का?

‘पोट उघडणारच आहेत, तर नळ्याही बांधून टाक,’ असं घरात सहज म्हणतात. आमच्याकडे आलेली एक ताई 24 वर्षांची, आठवा महिना. आम्ही विचारलं, उद्या बाळाला काही झालं तर? ती गप्पच झाली. नळ्या पुन्हा जोडता येतात, पण दिवस राहतीलच असं नाही. राहिले तर गर्भ नळीतच अडकण्याचा धोका वाढतो. तिशीच्या आत ऑपरेशन केलेल्यांना पस्तावा जास्त होतो. तिनं सिझरच्या वेळीच तांबी बसवून घेतली. ती दहा वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते. ऑपरेशनच ठरलं, तर सही कळा सुरू होण्याआधी, शांतपणे करा. नवऱ्याची संमती लागत नाही.