चौथ्या नगाची किंमत

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या निमित्ताने आपल्या सोलापुरात परगावची मंडळी उतरली, की चादर आणि टर्किश टॉवेल घेतल्याविना ती सहसा परतत नाहीत, आणि ‘तीन नगांवर एक मोफत’ अशी पाटी दिसली की त्यांच्यातील हिशेबी गृहस्थही क्षणभर थबकतो. तीनावर एक म्हणजे तेहतीस टक्के, असे त्याचे मन त्याला सांगते. येथेच त्याचा छेद चुकतो. घरी जाणारे नग चार असल्यामुळे सवलत एक चतुर्थांश, म्हणजे पंचवीस टक्केच होय.

समजा, टॉवेलाचा दर नगास 200 रुपये आहे आणि शेजारच्या दुकानात त्याच मालावर सरसकट वीस टक्के सूट आहे. चार नगांना येथे 600 रुपये पडतात, तेथे 640. पहिले दुकान स्वस्त. परंतु ज्या गृहिणीस तीनच टॉवेल हवे आहेत, तिला शेजारी 480 रुपयांत ते मिळत असताना येथे 600 मोजावे लागतात. अर्थात ज्यास ती मोफत समजते, त्या चौथ्या टॉवेलाचे तिने 120 रुपये दिलेले असतात. तो तिला लागणार असेल तर हा दर रास्तच आहे. न लागल्यास ती रक्कम कपाटात घडी घालून ठेवल्यासारखी आहे. पाच नगांना दोन्हीकडे 800 रुपयेच होतात, सहा आणि सात नगांना सरसकट सूट पुन्हा सरस ठरते, आणि आठांवर पारडे परत फिरते. बारा नगांपासून पुढे मात्र मोफतची योजना वीस टक्क्यांहून महाग कधीच पडत नाही, कारण चाराच्या पटीवर उरणाऱ्या सुट्या नगांचा भार मोठ्या खरेदीत विरून जातो.

हे सर्व समान दराच्या मालाचे झाले. दर भिन्न असले, की योजनेतील बारीक अक्षरांचे कलम पुढे येते: मोफत नग तो, जो सर्वांत कमी किमतीचा. तीन चादरी प्रत्येकी 600 रुपयांच्या आणि एक टॉवेल 200 चा घेतला, तर 2000 रुपयांच्या मालावर 200 च वजा होतात, म्हणजे दहा टक्के. वीस टक्क्यांच्या दुकानात 400 सुटले असते.

म्हणून चार चादरी आणि चार टॉवेल घेणाऱ्याने, दुकानदाराची हरकत नसल्यास, दोन पावत्या कराव्यात. एकाच पावतीत दोन टॉवेल मोफत ठरून 400 रुपये वाचतात. वेगळ्या पावत्यांत एक चादर आणि एक टॉवेल मिळून 800.