रोजकीर्द आणि क्षणचित्र



लिनक्समध्ये फाइली जपणाऱ्या दोन व्यवस्थांची तुलना मी आपणापुढे मांडतो. एक्सएफएस ही सिलिकॉन ग्राफिक्सने घडविली; २००१ साली ती लिनक्सवर आली. फाइलींविषयीच्या नोंदींतील बदल ती आधी रोजकीर्दीत टिपते. वीज गेली, तर ती रोजकीर्द वाचून नोंदी पुन्हा सुसंगत होतात. मात्र फाइलीतील मजकूर रोजकीर्दीत नसतो. अर्धवट राहिलेले लेखन तीतून परत मिळत नाही.

बीटीआरएफएस जुन्या मजकुरावर लिहीत नाही. बदललेला भाग नव्या जागी लिहून मग निर्देश तिकडे वळविते. म्हणूनच क्षणचित्र, अर्थात स्नॅपशॉट, घेताना जवळजवळ जागा लागत नाही. समजा, १०० जीबी हस्तलिखितांचे क्षणचित्र घेऊन २ जीबी मजकूर बदलला, तर एकूण सुमारे १०२ जीबी लागतील. परंतु मूळ फाइली पुसल्या, तरी क्षणचित्र असेतो जागा सुटणार नाही. आणि तबकडीच निकामी झाली, तर दोन्ही जातील.

हाच गुण डेटाबेसला बाधतो. मोठ्या फाइलीतील लहान लहान बदल विखुरतात. `filefrag` तुकड्यांची वाढती संख्या दाखविते. रिकाम्या निर्देशिकेस आधीच `chattr +C` लावल्यास तीतील नव्या फाइलींचे विखुरणे घटते, पण मजकुराची बिघाड-पडताळणीही बंद होते.

तेव्हा डेटाबेससाठी एक्सएफएस. जेथे कालचे रूप आज परत हवे, तेथे बीटीआरएफएस, असे माझे मत आहे.