काका, सभेला नाही येणार!

आजचा विषय छोटा आहे, पण निवडणुका आल्या की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात येऊन उभा राहतो. अगदी शब्दशः.

माझ्या शेजारचे काका एका पक्षाचं काम करतात. माणूस एकदम भला. मी गावी गेलो की माझी कुंडीतली तुळस तेच जगवतात. मागच्या निवडणुकीत ते दारात आले. "अरे, रविवारी सभा आहे, गेटवरून बस सुटणार, तुझं नाव लिहू ना?"

मी घाबरून बोललो, "काका, रविवारी ऑफिसचा कॉल आहे." रविवारी सकाळी मी खाली इडली आणायला गेलो आणि बसपाशीच काका भेटले! वर म्हणाले, "असू दे, पुढच्या रविवारी पण आहे." म्हणजे खोटं पण पकडलं गेलं आणि आमंत्रण पण संपलं नाही. कारण दिलं की समोरचा ते कारण सोडवायला बघतो. वेळ नाही म्हटलं तर दुसरी वेळ, गाडी नाही म्हटलं तर गाडी.

मग डोक्यात आलं, काकांना माझं मत नकोच आहे. त्यांना बसच्या सीट भरायच्यात. त्यांना लवकर आणि स्पष्ट 'नाही' मिळालं, तर ते दुसरं नाव लिहितील. 'बघतो', 'जमलं तर येतो' यानेच त्यांची खरी अडचण होते.

पुढच्या वेळी मी दारातच सांगितलं, "काका, मी कुठल्याच पक्षाच्या कार्यक्रमाला जात नाही. माझं नाव नका धरू. पण तुम्ही आठवणीने विचारलंत, बरं वाटलं." बास. 'या वेळी' हा शब्द मुद्दाम टाळला, नाहीतर पुढची वेळ येतेच.

काका हसून म्हणाले, "म्हणजे तू त्यांच्या बाजूचा का?" इथे 'नाही, नाही' म्हटलं की वाद सुरू. मी म्हणालो, "काका, मत गुप्त असतं, माझं मी मशीनपाशीच ठेवतो. चहा टाकू?" चहा झाला, विषय पाणी कधी येतं यावर गेला.

दोन गोष्टी सांभाळा. सोसायटीच्या ग्रुपवर सभेचा मेसेज आला तर तिथे अंगठा पण नको आणि नकार पण नको, कारण दोन्हीचा अर्थ लावला जातो. काकांना वेगळा मेसेज करा. आणि नियम सांगितला की तो सगळ्यांना लावा. पंधरा दिवसांनी दुसऱ्या पक्षाच्या ताई रॅलीचं बोलवायला आल्या. त्यातला एक मित्र माझा खास, जावंसं वाटत होतं. नाही गेलो. गेलो असतो तर काकांना सांगितलेलं वाक्य खोटं ठरलं असतं.

तुळस अजून काकाच जगवतायत. भेटू पुढच्या भागात!