अर्ध्या मिनिटाचा तक्ता

वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांत वर्षाखेरीस एक दृश्य हमखास दिसतें. लांबट दालनाच्या भिंतींवर तीस-चाळीस तक्ते टांगलेले असतात. विद्यार्थी त्यांना शीट म्हणतात. एकेका तक्त्यामागें तीन-चार महिन्यांचें जागरण असतें. परीक्षक येतात आणि प्रथम नुसती एक फेरी मारतात. दोन मीटर अंतरावरून प्रत्येक तक्त्याला फार तर अर्धें मिनिट मिळतें. कोठें थांबावयाचें, कोणाला काय विचारावयाचें, हें त्या फेरींतच ठरून जातें.

पॅरिस येथील 'एकोल दे बोझार' या विख्यात कलाशाळेंत १९ व्या शतकांत परीक्षक बंद दाराआड निर्णय देत आणि विद्यार्थ्यास तेथें प्रवेश नसे. चित्रालाच बोलावें लागे. आज विद्यार्थी तक्त्याशेजारीं उभा असतो हें खरें. पण त्यानें तोंड उघडण्यापूर्वीं परीक्षकाच्या डोळ्यांनीं आपलें मत बनविलेलें असतें.

एका विद्यार्थिनीचें उदाहरण घेऊं. तिचा विषय होता कोंकणांतील उतारावरच्या गांवासाठीं सार्वजनिक वाचनालय. जमीन उत्तरेकडे उतरत होती. तिनें तो उतार कापला नाहीं. इमारत तीन टप्प्यांनीं खालीं उतरविली, त्यामुळें खालच्या छपरावरून उत्तरेचा सौम्य प्रकाश वरच्या वाचनदालनांत येई. कल्पना उत्तम होती. परंतु तिच्या पहिल्या तक्त्यावर सारख्याच आकाराचीं बारा चित्रें, त्यांच्या मागें डोंगराचें फिकें छायाचित्र, माथ्यावर वीतभर उंचीचें शीर्षक आणि कोपऱ्यांत तीनशें शब्दांचा मजकूर होता. तिनें शेजारच्या वर्गांतील एका मित्राला तक्त्यापुढें अर्धें मिनिट उभें केलें, मग पाठ फिरवावयास सांगितलें आणि विचारलें, "काय आहे, कोठें आहे, आणि त्यांत विशेष काय?" तो म्हणाला, "कसली तरी शाळा असावी. मागचा डोंगर मात्र छान आहे."

एकही चित्र चुकलेलें नव्हतें. चूक होती ती मानाची. बारा चित्रें एकाच पंक्तीला बसविलीं कीं पाहुण्याला यजमान कोण तें कळत नाहीं.

म्हणून तिनें प्रथम एक वाक्य लिहिलें : "उतार न कापतां तीन टप्प्यांनीं उतरणारें, उत्तरेच्या प्रकाशाचें वाचनालय." मग स्वतःलाच विचारलें कीं, हें वाक्य सिद्ध करणारें चित्र कोणतें? नकाशा नव्हे, वरून पाहतांना उंची दिसत नाहीं. इमारत सुरीनें उभी कापल्यासारखी दाखविणारें चित्र, म्हणजे छेद, तेवढाच उतार, छपरें आणि प्रकाश एकत्र दाखवितो. तेव्हां छेद मोठा, बाकीचीं चित्रें त्याच्या सेवेला.

तक्ता ८४१ मिलिमीटर रुंद आणि ५९४ उंच असा आडवा होता. चोहों बाजूंनीं २० मिलिमीटर समास सोडून तिनें रुंदीचे सहा सारखे रकाने पाडले : प्रत्येक १२६ मिलिमीटरचा, मधलें अंतर ९. पांच रकान्यांची रुंदी, मधल्या अंतरांसह, ६६६ मिलिमीटर भरते. इमारतीची लांबी ६४ मीटर. १:१०० या प्रमाणांत ती ६४० मिलिमीटर होते. छेद वरच्या बाजूस पांच रकान्यांत नेमका बसला. उरलेल्या सहाव्या रकान्यांत शीर्षक, तें एक वाक्य आणि गांवाचा छोटा स्थळनकाशा आला. खालीं डावीकडे तीन रकान्यांत १:२०० चा मुख्य नकाशा. उजवीकडे तीन रकान्यांत वाचनदालनाचें एक चित्र आणि त्याखालीं प्रकाश, वारा व पावसाचें पाणी दाखविणाऱ्या तीन लहान आकृत्या. बाराचीं सात चित्रें झालीं. खिडक्या-दारांचे तपशील दुसऱ्या तक्त्यावर गेले.

येथें एक बारीक अडचण उद्भवली. रूढीप्रमाणें नकाशांत उत्तर वर असते; पण छेदांत उतार डावीकडून उजवीकडे जात होता. दोन्ही चित्रें जुळवावयास पाहणाऱ्याला मनांतल्या मनांत कागद फिरवावा लागे, आणि अर्ध्या मिनिटांत तो कोणी फिरवीत नाहीं. तिनें नकाशाच फिरवून चढाची बाजू दोहोंतही डावीकडे ठेवली आणि उत्तर दाखविणारा बाण ठळक केला. प्रत्येक चित्राखालीं मोजपट्टीही काढली. कारण तक्ता लहान करून छापला तर "१:१००" हे आंकडे खोटे ठरतात, पट्टी मात्र चित्राबरोबरच आकसते.

यानंतर प्रश्न काळ्या-पांढऱ्याचा. डोळा प्रथम जातो तो जेथें गडद आणि उजळ यांची गांठ पडते तेथें. तिनें छेदांतील कापलेली जमीन व भिंती भरीव काळ्या केल्या, मागें दिसणाऱ्या वस्तूंच्या रेघा पाव मिलिमीटरच्या ठेवल्या आणि डोंगराचें छायाचित्र काढून टाकलें. रंग एकच घेतला, गेरूचा; तो केवळ वाचनदालनांना, आणि छेद, नकाशा व आकृत्या या तिहींतही तोच. त्यामुळें एका चित्रांतील दालन दुसऱ्यांत शोधावें लागेनासें झालें. मग संगणकाच्या पडद्यावर तक्ता तळहाताएवढा करून तिनें पाहिला. इतका लहान केल्यावर जें दिसतें, तेंच दुरून प्रथम दिसणार. काळ्या तीन पायऱ्या आणि गेरूचे तीन ठिपके स्पष्ट उरले होते.

अक्षरांचा हिशेब सोपा आहे. अंतराचा दोनशेंवा भाग एवढी अक्षराची उंची असली कीं वाचन सुखानें होतें. दोन मीटरवरून वाचावयाचें वाक्य म्हणून १० मिलिमीटर उंचीचें झालें. जवळ येऊन वाचावयाच्या टिपांना ३ मिलिमीटर पुरे. तीनशें शब्दांचे साठ उरले आणि ते एकत्र न ठेवतां ज्या चित्राविषयीं जें सांगावयाचें तें त्याच्याच खालीं गेलें. वाचनदालनाचें चित्र पूर्वीं रुंदीला ८०० पिक्सेलचें होतें. ३९६ मिलिमीटरवर ताणल्यावर तें धुरकट दिसे. एवढ्या रुंदीस इंचाला १५० या हिशेबानें सुमारें २,३४० पिक्सेल लागतात. तें पुन्हा काढावें लागलें. छापखान्यांतून प्रथम एक अरुंद पट्टीच छापून आणली, तेव्हां पडद्यावर स्वच्छ दिसणाऱ्या फिक्या करड्या रेघा कागदावर नाहींशा झाल्याचें वेळींच कळलें.

तोच मित्र पुन्हा उभा राहिला. अर्ध्या मिनिटानें म्हणाला, "उतारावरचें वाचनालय, पायऱ्यांनीं उतरतें, उजेड छपरावरून येतो. पण आंत शिरावयाचें कोठून?" प्रवेश कोठेंच दाखविलेला नव्हता! नकाशावर आणि छेदांत एक काळा त्रिकोण आणि एक शब्द घालून ती उणीव भरून निघाली.

अशा मांडणीनें कच्ची इमारत पक्की होत नाहीं. उलट, छेद मोठा केला कीं त्यांतील खोटा जिनाही मोठा दिसतो. तक्ता मिळवून देतो तीं पुढचीं पांच मिनिटें. परीक्षेच्या दिवशीं परीक्षक या तक्त्यापाशीं थांबले आणि त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो पावसाळ्यांत खालच्या छपरावर सांचणाऱ्या पाण्याविषयीं. उत्तर देणें तिला जड गेलें. पण प्रश्न तिच्या इमारतीविषयीं होता, मागच्या डोंगराविषयीं नव्हता.